एकच निरोप, तीन माणसं

एका कंपनीचा उत्पादन-कॅटलॉग छपाईला जायचा आहे. चोवीस पानं तयार आहेत, फक्त आठ वस्तूंचे फोटो यायचे राहिलेत. ते पाठवायचे होते ग्राहकाने. आता डिझायनरला व्हॉट्सॲपवर तीन जणांना कळवायचंय: शेजारच्या टेबलावरचा सहकारी, विभागप्रमुख मॅडम आणि स्वतः ग्राहक. मजकूर एकच, की आज फाईल जात नाही.

सहकाऱ्याला एवढं पुरतं: ‘अरे, कॅटलॉग आज होत नाही. आठ फोटो यायचेत अजून. छपाईवाल्याला सांगून ठेव ना.’

याच निरोपातल्या ‘अरे’च्या जागी ‘मॅडम’ आणि ‘ठेव’च्या जागी ‘ठेवा’ घालून तो वर पाठवला, तर व्याकरण बरोबर होईल, पण निरोप चुकेल. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीव्हन लेविन्सन या भाषा-अभ्यासकांनी सभ्य बोलण्यामागे तीन गोष्टी पाहिल्या: समोरच्याचा अधिकार किती, त्याच्याशी अंतर किती आणि आपण त्याच्यावर टाकतोय ते ओझं किती. मॅडमशी रोजची ओळख आहे, म्हणजे अंतर कमी, अधिकार मात्र जास्त. ग्राहकाशी अंतर जास्त आहे, शिवाय काम त्याच्याकडूनच अडलंय. त्यामुळे दोघांनाही ‘औपचारिक’ लिहायचं असलं, तरी ते एकाच साच्यातलं नसतं.

मॅडमना सजावट नको असते. त्यांना निर्णय घ्यायचा असतो: ‘मॅडम, कॅटलॉगची फाईल आज छपाईला जाणार नाही. आठ फोटो यायचे आहेत. संध्याकाळपर्यंत आले तर उद्या दुपारी दोनला फाईल देता येईल. नाही आले तर मागच्या वर्षीचे फोटो वापरू का?’ इथे आदर ‘कृपया’मध्ये नाही. तो आहे पर्याय मांडून परवानगी मागण्यात.

ग्राहकाला लिहिताना खरी कसोटी दोष कसा मांडायचा याची. ‘तुम्ही अजून फोटो पाठवले नाहीत’ हे खरं आहे, पण त्यात बोट दाखवलंय. ‘फोटो अजून मिळालेले नाहीत’ म्हटलं की कर्ता वाक्यातून बाजूला होतो आणि माहिती तेवढीच राहते. म्हणून: ‘नमस्कार सर, कॅटलॉगची चोवीस पाने तयार आहेत. आठ वस्तूंचे फोटो अजून मिळालेले नाहीत. यादी सोबत जोडली आहे. ते आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवता येतील का? म्हणजे उद्या दुपारी फाईल छपाईला देता येईल.’ सहकाऱ्याच्या निरोपात नसलेल्या दोन गोष्टी इथे आल्या, यादी आणि वेळ. बाहेरच्या माणसाला आपल्या ऑफिसात काय चाललंय ते ठाऊक नसतं. त्याच्यासाठी निरोप लांबतो तो मुख्यतः या माहितीने.

‘पाठवता येतील का’ ही रचना मराठीत फार कामाची आहे. तिच्यात ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, ‘आपण’ही नाही. नव्याने ओळख झालेल्या, वयाने बरोबरीच्या माणसाला काय म्हणावं कळत नसेल, तेव्हा ती पेच टाळते. तिघंही असलेल्या ग्रुपवर तर तीच सोयीची. तिथे सहकाऱ्याला अचानक ‘तुम्ही’ म्हणणं विचित्र आणि ग्राहकादेखत ‘अरे’ म्हणणं सैल वाटतं. ‘छपाईखान्याला कळवायचं आहे’ एवढ्याने भागतं. ग्रुपवर भाषा ठरते ती सर्वांत दूरच्या वाचकावरून.

‘आपण’ मात्र जपून वापरायला हवं. ‘आपण आज फोटो काढायला हवेत’ यात ग्राहकाला काढायला सांगितलंय, की दोघांनी मिळून काढायचेत, असा घोळ होऊ शकतो. कामाची जबाबदारी ठरवताना ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ जास्त स्पष्ट.

चुका बहुधा एकाचा निरोप दुसऱ्याला चिकटवताना होतात. वरचं ‘अरे’ पुसलं जातं, पण शेवटी ‘बघून घे’ तसंच राहतं. मराठीत जवळीक सर्वनामापेक्षा क्रियापदात जास्त लपते, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याचा शेवट वाचावा. वर ‘आपण’ आणि खाली ‘सांगा’ असेल, तर ते ‘सांगावे’ किंवा ‘सांगाल का’ करावं. नाहीतर सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवावं.

उलटी चूकही होते. रोज ‘अरे’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला एके दिवशी ‘कृपया फाईल पाठवावी’ असं लिहिलं, तर तो पहिला प्रश्न विचारेल, ‘काय झालं? चिडलास का?’ अंतर वाढवणारी भाषा जवळच्याला नाराजी म्हणूनच पोचते.

ग्राहकाने उत्तरात ‘चालेल रे, संध्याकाळी देतो’ लिहिलं, तर आपणही थोडं सैल व्हावं, पण एक पायरी मागे राहून: ‘चालेल सर, वाट बघतो.’ ‘सर’ कधी गळून पडायचं, ते त्याला ठरवू द्यावं.