दुधाला सोडा, शूला व्हिनेगर

गादीवर काही सांडलं की बहुतेक घरांत ठरलेलं काम सुरू होतं. ओल्या फडक्यानं जोरजोरात घासायचं, वर टाल्कम पावडर शिंपडायची, पंखा पाचवर ठेवायचा आणि धुतलेली चादर अंथरून मोकळं व्हायचं. उन्हाळ्यात हे खपून जातं. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की त्याच गादीतून वास यायला लागतो. मग अगरबत्ती, मग कापूर, मग गादी उलटी करणं. वास मात्र जात नाही, कारण तो वर नसतोच. तो दोन-तीन इंच खाली असतो, आणि तिथे नेमकं काय सुकून बसलं आहे यावर त्याचा उतारा ठरतो. लहान मुलाची शू आणि सांडलेलं दूध यांना एकच उपाय चालत नाही.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. त्यात बहुतांश पाणी असतं, बाकी युरिया, क्षार आणि थोडं युरिक ॲसिड. गादीत मुरल्यावर जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. सार्वजनिक मुतारीपाशी नाकात झोंबतो तो हाच. अमोनिया अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या विरुद्ध जातीचा. दुधाचं उलटं. दुधातली साखर आंबून लॅक्टिक ॲसिड होतं, आणि स्निग्धांश खवट झाला की ब्युटिरिक ॲसिड तयार होतं. बाळाच्या उलटीला जो आंबूस वास येतो, त्यात याच आम्लाचा वाटा असतो. म्हणजे जुनी शू अल्कधर्मी आणि जुनं दूध आम्लधर्मी. अमोनियाला मारायला आम्ल लागतं, आंबूस वासाला मारायला सोडा. सगळ्या डागांवर खायचा सोडा टाकणाऱ्यांना निम्म्या वेळाच यश का येतं, ते यावरून कळावं.

पहिली दहा मिनिटं मात्र दोन्हींत सारखीच. डाग घासायचा नाही, दाबायचा. घासल्यानं ओल आडवी पसरते आणि कापडाच्या विणीत आत जाते. जुना सुती टॉवेल चौपदरी करून डागावर ठेवा आणि त्यावर चक्क उभे राहा. टॉवेल ओला झाला की कोरडी बाजू डागाकडे आणा, मग दुसरा टॉवेल घ्या. टॉवेलला जेमतेम दमटपणा लागेपर्यंत हे चालू ठेवायचं. या वेळी बाहेर आलेला प्रत्येक थेंब पुढे सुकवावा लागत नाही. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर इथे लावू नका, पाणी ओढलं तर त्याची मोटर जाते आणि शॉकचाही धोका असतो. आणि पाणी गार हवं. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं धाग्यावर पक्की बसतात.

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. जुलै महिना, ठाण्यातला फ्लॅट, सहा इंची फोमची गादी आणि चार वर्षांचं मूल. रात्री दोनला चादर ओली. या वयाच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण दीडशे मिली मावतं, म्हणजे गादीत जवळजवळ एक पेलाभर ओल गेली. ती सरळ खाली न जाता पसरत जाते. वर बशीएवढा डाग दिसला तर आत तो ताटाएवढा असू शकतो, म्हणून डागाच्या कडेबाहेर चार बोटं जागा धरूनच काम करायचं.

टॉवेलनं टिपून झालं की अर्धा पेला गार पाणी स्प्रेच्या बाटलीनं बाहेरून आत असं मारायचं. मधून बाहेर मारलं तर मळ कडेला जाऊन सुकतो आणि नकाशासारखी पिवळी कड उमटते. पुन्हा टॉवेल, पुन्हा दाब. आता पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, एकूण शंभर मिलीच्या आसपास, त्याच जागेवर मारा आणि दहा मिनिटं थांबा. व्हिनेगर नसेल तर वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्व चालतं, पेलाभर पाण्यात एक चमचा. लिंबू पिळू नका, त्याची साखर आणि रंग मागे राहतो. तपकिरी व्हिनेगरही नको. मग पुन्हा टिपून गादी भिंतीला आडवी उभी करा, डागाची बाजू बाहेर, आणि समोर टेबल फॅन लावा.

खायचा सोडा इथेही येतो, पण अगदी शेवटी, उरलीसुरली ओल आणि बारीक वास शोषण्यापुरता. जागा हाताला नुसती दमट लागायला लागली की त्यावर चाळणीनं सोडा पसरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी झटकून व्हॅक्यूम करा. व्हिनेगर ओलं असतानाच सोडा टाकला की मस्त फेस येतो, आणि समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ त्या फेसावरच संपतात. प्रत्यक्षात त्या फेसात दोघं एकमेकांना संपवतात आणि खाली थोडं खारट पाणी उरतं. दुकानात सोडा मागताना तो खायचाच मागा. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो, तो गादीत राहिला तर मुलाच्या त्वचेला त्रास देतो.

दुधाच्या बाबतीत व्हिनेगर हातात घेऊच नका. ताज्या दुधाच्या डागावर ते मारणं म्हणजे गादीत पनीर लावणं. दूध फाटतं, चोथा फोमच्या छिद्रांत अडकतो आणि मग तो टॉवेलनं निघत नाही. दुधाला साबण लागतो आणि शक्य असेल तर एन्झाइम. कपडे धुण्याच्या अनेक पावडरी आणि लिक्विडच्या वेष्टनावर घटकांमध्ये एन्झाइम लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. प्रथिनं तोडणारं आणि चरबी तोडणारं अशी दोन्ही एन्झाइम असतील तर उत्तम.

समजा, बाळाची बाटली गादी आणि भिंतीच्या फटीत घरंगळली आणि तिसऱ्या दिवशी वासावरून सापडली. म्हशीचं दूध, वर साखर घातलेलं. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट स्निग्धांश असतो, त्यामुळे खवट वासही जास्त. आधी सुकलेला थर चमच्याच्या मागच्या टोकानं हलकेच खरवडून काढा. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा एन्झाइमवालं लिक्विड घाला. सुकलेल्या डागाला पाणी कोमट चालतं, हाताला ऊबदार लागेल इतपतच. कढत पाण्यात एन्झाइम निकामी होतं. हे पाणी फडक्यानं डागावर थोपटा, वर ओलं फडकं झाकून अर्धा तास तसंच ठेवा. एन्झाइमला काम करायला वेळ आणि ओल दोन्ही लागतात, फवारा मारून लगेच पुसलं तर काहीच होत नाही. मग टिपून घ्या आणि साध्या पाण्याचा फवारा मारून दोनदा तरी साबण काढा, कारण गादीत राहिलेला साबण चिकट होतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो. यानंतर सोड्याची पाळी. पेलाभर पाण्यात दोन चमचे सोडा विरघळवून तो हलका मारा आणि टिपा, आंबूस वासाचं आम्ल इथे मरतं. पुढे वाळवणं आहेच.

वास गेला पण शूचा पिवळा डाग राहिला, असंही होतं. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. औषधाच्या दुकानात ते बहुधा सहा टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून तीन टक्क्यांवर आणायचं. कपभर द्रावणात तीन मोठे चमचे सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. हातमोजे घालून डागावर मारा आणि सुकू द्या. आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा, कारण रंगीत कापडाचा रंग उडू शकतो. मिश्रण लागेल तेवढंच करा, उरलेलं ओतून द्या. बंद बाटलीत वायू साठून ती फुटू शकते. एन्झाइम वापरायचं असेल तर ते पेरॉक्साइडच्या आणि व्हिनेगरच्या आधी, नंतर नाही.

जुना डाग नेमका कुठे आहे हेच कळत नसेल तर नोटा तपासायची जांभळी बॅटरी अंधारात फिरवा. सुकलेली शू फिकट पिवळसर चमकते. डिटर्जंटही चमकतं, म्हणून चमकेल त्या जागी नाक लावून खात्री करायची. पावसाळ्यात वास परत येतो तो यामुळेच: आत राहिलेले क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि जिवाणूंचं काम पुन्हा सुरू होतं. अशा जागेला वरवरचा फवारा पुरत नाही. जितकं खोल मूळ द्रव गेलं, तितकंच खोल एन्झाइमचं पाणी जायला हवं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात लघवीच्या वासासाठी एन्झाइमचं तयार द्रावणही मिळतं, ते माणसाच्या शूलाही चालतं.

खरी परीक्षा वाळवण्यात आहे. कापसाच्या गादीला दोन दिवस कडक ऊन दाखवलं की बरंच निभावतं. कापूस आतूनच वासाचा झाला असेल तर एका बाजूची शिवण उसवून तेवढा बाहेर काढून टाकता येतो आणि गादी पुन्हा पिंजून घेता येते, ही सोय फोमला नाही. फोम उन्हात पिवळा पडतो आणि लेटेक्स तर उन्हानं चिरतं, म्हणून त्यांना सावली आणि वारा. पावसाळ्यात फोमला दीड-दोन दिवस सहज लागतात. वाळली का, हे हात लावून कळत नाही. कोरडा टिश्यू पेपर ठेवून वर जाड पुस्तकांचा गठ्ठा पंधरा मिनिटं ठेवा. कागद दमट निघाला तर चादर घालू नका, ओल कोंडली की बुरशी येते.

ब्लीच गादीवर घालू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की छातीत जळजळ करणारा विषारी धूर निघतो. डांबराच्या गोळ्याही बाळाच्या अंथरुणात ठेवू नका, त्यांच्या वाफा काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि ती बाळं कोणती हे आधी दिसत नाही.

एवढं करूनही कोरड्या दिवशी गादीवर तळहात दाबला आणि फस्सकन वास आला, किंवा खोळ काढल्यावर फोमवर काळे ठिपके दिसले, तर ती गादी संपली. आणखी पैसे आणि आठवडे घालवू नका. नवी आणाल तेव्हा त्याच दिवशी तिला चेनवाली जलरोधक खोळ घाला, नुसती वर अंथरायची रबरी शीट मूल रात्रीत बाजूला सारतं.