तीन कोपऱ्यांची फिरती जागा

रुबिक क्यूबचा वरचा थर जवळजवळ लागलेला असतो, फक्त तीन कोपरे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले असतात, तेव्हा खरी पंचाईत होते. कोणताही पृष्ठभाग पाव वळसा फिरवला की चार कोपरे आणि चार कडा एकदम जागा सोडतात. म्हणजे हत्यार ओबडधोबड आणि काम मात्र नाजूक. अशा ठोकळ चालींतून नाजूक चाल घडवण्याच्या दोन युक्त्या गणितातल्या ग्रुप सिद्धांतात आहेत: कम्युटेटर आणि कॉन्ज्युगेशन.

क्यूबच्या चालींचा ग्रुप होतो, कारण एका चालीनंतर दुसरी केली की तीही चालच होते आणि प्रत्येक चाल उलटी करता येते. मात्र क्रम बदलला की निकाल बदलतो. चाली अक्षरांनी लिहितात: R म्हणजे उजवा पृष्ठभाग, F समोरचा, B मागचा, U वरचा. नुसते अक्षर म्हणजे त्या पृष्ठभागाकडे तोंड करून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव वळसा; R' म्हणजे तोच उलटा, R2 म्हणजे अर्धा.

कम्युटेटर म्हणजे X करा, Y करा, X उलटवा, Y उलटवा. दोन चाली पूर्णपणे वेगवेगळ्या तुकड्यांना हात लावत असतील, तर शेवटी काहीच बदलत नाही. डावा आणि उजवा पृष्ठभाग घेऊन पाहावे. गंमत येते ती दोन्ही चालींचा एकाच जागी छेद होतो तेव्हा. त्या वेळी बाकी सारे पूर्ववत होते आणि बरोबर तीन तुकडे गोल फिरतात: छेदाच्या जागेवरचा एक, X मुळे तिथे येऊ पाहणारा दुसरा आणि Y मुळे तिथे येऊ पाहणारा तिसरा. R U R' U' ही सर्वांना पाठ असलेली चालही कम्युटेटरच आहे, पण R आणि U मध्ये एक कड आणि दोन कोपरे सामाईक असतात. म्हणून तीत तीन कडा आणि चार कोपरे मिळून सात तुकडे हलतात.

म्हणजे छेद एका कोपऱ्यापुरता आणायला हवा. R F R' ही चाल पाहा. आधी R ने मागच्या थरातला खालचा उजवा कोपरा पुढे येतो, F त्याला डावीकडे नेतो, आणि R' उजवी बाजू परत बसवतो. मागच्या थरातले बाकी सगळे तुकडे आपापल्या जागी परततात. बदल होतो तो फक्त त्या एका कोपऱ्यात. आता Y म्हणून B2 घेतला, की दोघांचा छेद त्याच जागी होतो:

```
R F R'  B2  R F' R'  B2
```

R F R' चे उलट लिहिताना नवशिक्यांची हमखास चूक होते. नुसती चिन्हे उलटवून R' F' R लिहिले, तर क्यूब विस्कटतो. बूट आधी निघतो, मोजा नंतर. तसे शेवटचे पाऊल आधी उलटवायचे, म्हणून उत्तर R F' R'.

ही चाल तीनच कोपरे फिरवते, पण त्यातले दोन खालच्या थरात आहेत आणि एक वर, मागे डावीकडे. आपल्याला तर वरच्या थरातले हवेत. इथे कॉन्ज्युगेशन उपयोगी पडते. माळ्यावरचा डबा काढायचा तर स्टूल ठेवायचे, डबा काढायचा, स्टूल परत जागेवर. क्यूबवर स्टूल म्हणजे R2. त्याने वरचे उजवीकडचे दोन्ही कोपरे खाली, चालीच्या आवाक्यात जातात. मागचा डावा कोपरा हलतच नाही. मग कम्युटेटर, मग पुन्हा R2. सुरुवातीचे R2 आणि R एकत्र होऊन R' उरतो:

```
R' F R' B2 R F' R' B2 R2
```

नऊ पावलांत मागचा उजवा कोपरा पुढच्या उजव्याच्या जागी जातो, तो मागच्या डाव्याच्या जागी आणि मागचा डावा मागच्या उजव्याच्या. तिन्हींचे वरचे रंग वरच राहतात. हे दरवेळी आपोआप होत नाही. B2 ऐवजी नुसता B घेतला, तरी तीनच कोपरे फिरतात, पण ते वेगळे असतात आणि R2 चे स्टूल पुरत नाही. म्हणून मांडणी निवडताना तुकडा कुठे जातो एवढेच न पाहता, त्याचे तोंड कुठे राहते हेही पाहावे लागते.

कॉन्ज्युगेशनने चालीचा स्वभाव बदलत नाही. तीन तुकडे फिरवणारी चाल तीनच फिरवते, फक्त कोणते ते बदलते. त्यामुळे एक चांगला कम्युटेटर हाती असला की निरनिराळ्या स्टुलांनी तीच चाल क्यूबच्या इतर कोपऱ्यांवरही चालते.

मर्यादाही याच रचनेत आहे. कम्युटेटरमध्ये प्रत्येक पाऊल आणि त्याचे उलट अशा जोड्या असतात, म्हणून तो केवळ दोन कोपऱ्यांची अदलाबदल कधीच करू शकत नाही. दोन कोपरे आणि दोन कडा अदलाबदल झालेल्या दिसल्या, तर आधी कोणताही एक पाव वळसा देऊन मग कम्युटेटरांनी काम करता येते. पण फक्त दोन कोपरे अदलाबदल झालेले आणि बाकी सारे जागेवर असेल, तर कितीही फिरवून उपयोग नाही. तो क्यूब कुणीतरी सुटा करून चुकीचा जोडलेला असतो.