आंब्यावरचा शिक्रा

मे महिन्याच्या शेवटी, सुट्टीत वाईजवळच्या गावी गेलो असताना माझ्या लेकीने विहिरीवरच्या आंब्यावर एक पक्षी टिपला. तो कुठून आला ते तिने पाहिलं नव्हतं. खालच्या फांदीवरची खार एकदम चिरकायला लागली, बुलबुलांची जोडी ओरडत उडाली आणि तिने वर पाहिलं, तर राखाडी पाठीचा, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा एक पक्षी फांदीवर बसलेला. घरातला जुना झूमचा कॅमेरा तिच्या गळ्यातच होता. तो उडून जाईपर्यंत तिने बटण दाबत राहायचं एवढंच केलं, आणि पुढे सगळ्यात उपयोगी पडलं तेही तेच. एका फोटोत नुसती पाठ आली, एकात पानांआडून छाती, एकात पूर्ण बाजू आणि शेवटच्यात उडतानाची पसरलेली शेपटी.

ती धावत आजीकडे गेली. माझ्या आईचं सगळं आयुष्य शेतात गेलं. पुस्तकातली पक्ष्यांची नावं तिला ठाऊक नाहीत, पण कुठला पक्षी कधी येतो, कुठे बसतो, काय खातो हे तिने जन्मभर पाहिलेलं आहे. घरात सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ची एक जुनी प्रत आहे. लेक ती उघडणार, तेवढ्यात आईने पुस्तकावर हात ठेवला.

“पुस्तक मग. आधी तू काय पाहिलंस ते मला सांग.”

पक्षी ओळखताना हा क्रम फार मोलाचा असतो. चित्र एकदा पाहिलं की आपली आठवण त्या चित्राकडे झुकते. जे दिसलंच नव्हतं तेही दिसल्यासारखं वाटू लागतं. म्हणून पुस्तक मिटलेलं असतानाच लेकीने वहीत लिहिलं: सकाळी साडेआठ, विहिरीवरचा आंबा, मधली फांदी, एकटा, आवाज नाही. बसल्यावर शेपटी डावी-उजवीकडे हलवली.

“केवढा होता?”

“मोठा.”

“मोठा म्हणजे? साळुंकीएवढा की कावळ्याएवढा?”

लेक विचारात पडली. झूम केलेल्या फोटोत चिमणीही घारीएवढी दिसू शकते, त्यामुळे नुसत्या फोटोवरून आकार सांगता येत नाही. शेजारी माप घ्यायला काहीतरी लागतं. पाठीच्या फोटोत पक्ष्याजवळ आंब्याचं एक पान होतं. दोघींनी तसंच पान तोडून आणलं, फोटोतल्या पानाशी ताडून पाहिलं आणि पक्षी साधारण पारव्याएवढा असावा असं ठरवलं. पान लहानमोठं असू शकतं, म्हणून हा अंदाजच. पण साळुंकी आणि कावळा दोन्ही बाद व्हायला तो पुरेसा होता. सलीम अलींनीही आपल्या पुस्तकात पक्ष्यांचे आकार असेच सांगितले आहेत, चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा अशा सगळ्यांच्या ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने.

मग पुस्तक उघडलं. राखाडी पाठ, छातीवर तांबूस आडवे पट्टे, पट्टेरी लांब शेपटी, पारव्याएवढा आकार. लेकीचं बोट शिक्र्यावर थांबलं. खार आणि बुलबुल का घाबरले तेही जुळलं, कारण शिक्रा शिकारी पक्षी आहे. तिने वहीत ‘शिक्रा’ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. शिक्रा तिच्या चांगला ओळखीचा. बांधावरचे सरडे उचलताना तिने त्याला कितीदा पाहिलंय, अंगणातली कोंबडीची पिल्लं त्याच्यापासून राखली आहेत. “अगं, शिकऱ्याची चोच आकड्यासारखी असते, मांस फाडायला. ह्याची बघ. सरळ आहे की.”

फोटो उजेडाच्या विरुद्ध बाजूने काढलेला होता, त्यामुळे डोकं काळंच दिसत होतं. मी लॅपटॉपवर त्याची एक प्रत करून ती उजळली. मूळ फोटोला हात लावायचा नाही, कारण काढल्याची तारीख-वेळ त्या फाइलमध्ये असते आणि कातरताना शेजारचं पान, फांदी असा पुरावा जातो. उजळलेल्या प्रतीत रंगांवर विश्वास ठेवायचा नसतो. राखाडी निळसर होतो, पांढरा पिवळट होतो. आकार आणि ठेवण मात्र बदलत नाही. शिक्र्याची चोच आखूड, बुडापासूनच खाली वळलेली असते आणि बुडाशी पिवळी मांसल पट्टी असते. ह्या पक्ष्याची चोच त्याहून लांबट होती, फक्त टोकाला जराशी झुकलेली, आणि बुडाशी तसली पट्टी नव्हती. डोळ्याभोवती मात्र पिवळं कडं स्पष्ट दिसत होतं.

आता पाय पाहायचे होते. पानांमुळे बाकी फोटोंत ते झाकलेले, पण बाजूच्या फोटोत एक पाय फांदीवर दिसत होता. शिक्र्याचे पाय लांब, बोटं दणकट, नख्या वाकड्या. तीन बोटं पुढे, एक मागे. इथे पाय आखूड होता आणि त्याची दोन बोटं पुढच्या बाजूने फांदीला धरून होती. मागची बाजू फोटोत नव्हती. पोपट, सुतार आणि कोकिळेच्या कुळातले पक्षी अशी दोन पुढे-दोन मागे बोटं ठेवतात, पण तिसरं पुढचं बोट फांदीच्या पलीकडे दडलेलं असू शकतं. म्हणून पायाचा पुरावा आम्ही अर्धाच धरला. आडव्या पट्ट्यांवर तर मुळीच विसंबायचं नाही, कारण फसवायला तेच पुढे असतात.

लेकीने पाने उलटून कोकिळेच्या कुळाचं पान काढलं, आणि तिथे तो सापडला. पावशा. चित्राखालचं वर्णन मी वाचून दाखवत होते. आवाजाच्या ओळीपाशी आले तशी आई ताठ बसली.

“म्हणजे ‘पेर्ते व्हा’ करतो तो हा?”

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने तो आवाज प्रत्येक उन्हाळ्यात ऐकला आहे, त्या आवाजावर बी-बियाण्याच्या गोष्टी काढल्या आहेत. पण ओरडणारा पक्षी तिने कधी पाहिला नव्हता. तो एखादा बारका पक्षी असावा असं ती धरून चालली होती. लेकीने पक्षी पाहिला होता, पण तिला आवाज माहीत नव्हता. गावोगावी ही स्थिती आहे. पावशा दाट पालवीत बसून ओरडतो, त्यामुळे तो ऐकलेले खूप आणि पाहिलेले थोडे.

लेक मात्र एका मुद्द्यावर अडून बसली. “पावशा तर सुरवंट खातो ना? मग खार का घाबरली?”

प्रश्न रास्त होता. पावशाचं सोंग इतकं पक्कं आहे की खारी आणि छोटे पक्षी त्याला शिक्राच समजतात. रंग, पट्टे, उडण्याची ढब, फांदीवर उतरून शेपटी हलवणं, सगळं शिक्र्यासारखं. ह्या सोंगाचा फायदा काय असावा, हे त्याच्या अंडी घालण्याच्या रीतीवरून उमगतं. पावशा घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात एक निळं अंडं घालते, आणि सातभाईंची अंडीही निळीच असतात. घरट्यापाशी ससाणा आल्याची धास्ती पसरली, तर मादीला तेवढी उसंत मिळत असावी. युरोपातल्या कुक्कूवर डेव्हिस आणि वेल्बर्गेन ह्या संशोधकांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दाणे खायला येणाऱ्या छोट्या पक्ष्यांजवळ त्यांनी कुक्कू आणि ससाण्याचे भुसा भरलेले नमुने ठेवले. पक्षी दोघांनाही सारखेच बिचकले. पण कुक्कूच्या छातीवरचे पट्टे झाकले, तेव्हा त्याची भीती कमी झाली. म्हणजे खारीचं चिरकणं हा शिक्रा असल्याचा पुरावा धरता येत नाही. शिक्र्यासारखं काहीतरी आलं होतं, एवढंच त्यातून कळतं.

तरी वहीत आम्ही ‘बहुतेक पावशा’ असंच लिहिलं. पक्कं करायला आवाज आणि पक्षी एका वेळी दिसायला हवे होते. झाडावरून आवाज आला आणि झाडावर पक्षी दिसला, एवढ्याने भागत नाही. त्याच झाडावर आणखी कोणी असू शकतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच आंब्यातून आवाज सुरू झाला. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत, चढत चढत पार टोकाला गेला आणि तुटल्यासारखा थांबला. थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरुवात. लेकीला मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला पुढे बोलवायचा होता. मी नाही म्हटलं. हे दिवस त्याच्या विणीचे असतात. आपल्या जागेत दुसरा नर आला असं समजून तो अस्वस्थ होतो, मादी आणि खाणं सोडून त्या खोट्या नरामागे लागतो. त्याऐवजी दोघी विहिरीच्या कठड्यालगत उभ्या राहिल्या. आवाज थांबला की हलायचं नाही, सुरू झाला की एक पाऊल सरकायचं आणि पानांच्या फटीतून बघायचं. अंधार पडायच्या आत तो दिसला. आवाज चढेल तशी चोच उघडत होती, गळा फुगत होता, हाक आणि चोच एका तालात चालली होती. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही.

मग तिने लेकीला विचारलं, “पाऊस येणार हे ह्याला कसं कळतं?”

लेकीने पुस्तकावरून सांगितलं ते असं: ही हाक नराची आहे, मादीसाठी आणि जागेवरच्या हक्कासाठी. पावसाच्या तोंडावर त्याचा आणि सातभाईंचा विणीचा हंगाम जुळतो. पुढे पालवी फुटली की पिल्लं वाढवायला अळ्या-सुरवंट मुबलक होतात. त्यामुळे हाक आणि पेरणी एकाच दिवसांत येतात. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तरी पावशा ओरडतच असतो. “असं होय,” आई म्हणाली. “त्या दुष्काळातसुद्धा ओरडत होता. मला तेव्हा राग यायचा त्याचा.”

वहीतली ‘शिक्रा’ ही नोंद आम्ही खोडली नाही. तिच्याखाली ‘पावशा’ लिहिलं आणि ‘कशावरून’ असा एक रकाना आखला: चोच सरळ, डोळ्याभोवती पिवळं कडं, पाय आखूड, ओरडताना पाहिला. नुसतं नाव लिहिलं असतं, तर पुढच्या वर्षी ते बरोबर होतं की नाही हे तपासायला हाती काहीच राहिलं नसतं.

जुलैत आम्ही शहरात परतलेलो असताना आईचा फोन आला, मला नव्हे, नातीला. परसातल्या कुंपणापाशी सातभाई एका पिल्लाला भरवत होते, आणि पिल्लू भरवणाऱ्यांपेक्षा मोठं होतं. छातीवर आडवे पट्टे नव्हते, पाणी ओघळल्यासारखे उभे ठिपके होते. लहान वयाच्या पावशाचं हेच लक्षण, पण शिक्र्याच्या पिल्लाच्या छातीवरही उभ्या खुणा असतात.

“आजी, बोटं पाहिलीस का?”

“तारेवर बसलं होतं, आरपार दिसत होतं. दोन पुढं, दोन मागं.”

लेक वही आणायला आत पळाली.