ग्रंथपालांना ई-मेल : 1884 च्या अंकांचा माग

जुन्या वृत्तपत्रांच्या फायली ग्रंथालयात विषयवार लावलेल्या नसतात. त्या पत्राच्या नावाने, प्रकाशनाच्या गावाने आणि वर्षाने लावलेल्या असतात. इतिहासाचा लघुप्रबंध लिहिणारा विद्यार्थी मात्र विषय घेऊन येतो: गिरणी कामगार, प्लेग, दुष्काळ, विधवाविवाह. ग्रंथपालांना पाठवलेल्या बहुतेक विनंत्या याच ठिकाणी अडतात. ‘गिरणी कामगारांविषयी जुन्या वृत्तपत्रांत आलेली माहिती हवी आहे’ असा ई-मेल आला, तर ग्रंथपालाला करण्यासारखे काहीच उरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पत्रांची विषयसूची सहसा झालेलीच नाही, आणि शेकडो जिल्दा चाळून बातम्या वेचून देणे हे ग्रंथपालाचे काम नव्हे. विषयाचे रूपांतर पत्राच्या नावात आणि तारखांत करण्याचे काम ई-मेल लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यालाच करावे लागते.

हे रूपांतर कसे होते, ते एका विषयावरून पाहता येईल. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कशी मिळाली, हा तो विषय. ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात काढले आणि 1880 मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे मुंबईत आले. लोखंड्यांच्या पुढाकाराने 23 आणि 26 सप्टेंबर 1884 रोजी गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली ती 10 जून 1890 रोजी. ही माहिती छापील पुस्तकांत मिळते, आणि ती हाती येताच शोधाला मर्यादा पडते. सहा वर्षांच्या फायलींऐवजी आता दोनच खिडक्या उरतात: 1884 चे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि 1890 चे एप्रिल ते जून.

तारखांच्या बाबतीत थोडे गणितही करावे लागते. त्या काळची बहुतेक मराठी पत्रे साप्ताहिक होती. ‘केसरी’चा पहिला अंक 4 जानेवारी 1881 चा, मंगळवारचा, आणि पुढेही ते पत्र मंगळवारीच निघत असे. 23 सप्टेंबर 1884 हाही मंगळवारच होता. म्हणजे त्या दिवशीच्या सभेचा वृत्तान्त त्याच तारखेच्या अंकात शोधणे व्यर्थ आहे; तो आला असेल तर 30 सप्टेंबरच्या किंवा त्यानंतरच्या अंकात. नेमकी सभेची तारीख देऊन अंक मागवला, त्यात काही सापडले नाही आणि ‘केसरी’ने या सभेची दखलच घेतली नाही असा निष्कर्ष काढला, तर तो सपशेल चुकीचा ठरू शकतो. काही जिल्दांवर इसवी सनाऐवजी शक किंवा पत्राचे चालू वर्ष लिहिलेले असते. सप्टेंबर 1884 म्हणजे शके 1806; चैत्रानंतरच्या महिन्यांसाठी इसवी सनातून 78 वजा करावेत. ‘केसरी’च्या हिशेबात 1884 हे चौथे वर्ष. ई-मेलमध्ये सन आणि शक दोन्ही दिले, तर कपाटापुढे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचा वेळ वाचतो.

नावांचा घोळ याहून त्रासाचा. संगणकीय सूचीत मराठी पत्रांची नावे अनेकदा रोमन लिपीत असतात आणि स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळे. एकच पत्र Dinbandhu, Din Bandhu, Deenbandhu किंवा Dinabandhu असे नोंदलेले असू शकते. एका स्पेलिंगने शोध रिकामा आला म्हणजे पत्र नाही, असे होत नाही. कोणकोणती रूपे तपासली हे ई-मेलमध्ये लिहावे. म्हणजे ग्रंथपाल तीच वाट पुन्हा चालत नाही.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष ई-मेल फार मोठा लागत नाही. त्याचा नमुना असा:

विषय : ‘दीनबंधू’, ‘केसरी’ व ‘इंदुप्रकाश’, सप्टेंबर-ऑक्टोबर 1884 च्या अंकांबाबत

आदरणीय ग्रंथपाल,
सविनय नमस्कार. मी एम.ए. (इतिहास) च्या दुसऱ्या वर्षाला असून ‘मुंबईतील गिरणी कामगार आणि रविवारची सुट्टी, 1884 ते 1890’ या विषयावर लघुप्रबंध लिहीत आहे. मुंबईत 23 आणि 26 सप्टेंबर 1884 रोजी झालेल्या कामगार सभांचे वृत्तान्त मला पाहायचे आहेत. त्यासाठी वरील तीन पत्रांचे 23 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबर 1884 (शके 1806) या काळातील अंक हवे आहेत.
आपल्या ऑनलाइन सूचीत Dinbandhu, Din Bandhu आणि Deenbandhu अशी नावे देऊन पाहिली. नोंद मिळाली नाही. ‘केसरी’ची 1884 ची जिल्द सूचीत दिसते, पण त्यात या काळातील सर्व अंक आहेत का, हे कळत नाही.
आपल्याकडे मूळ अंक, मायक्रोफिल्म किंवा स्कॅन यांपैकी काय उपलब्ध आहे, आणि ते पाहण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, हे कृपया कळवावे. आपल्याकडे नसल्यास कोठे चौकशी करावी, तेही सांगितल्यास उपकृत होईन. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी प्रत्यक्ष येऊ शकतो. मार्गदर्शकांचे पत्र सोबत जोडले आहे.
आपला,
(नाव, महाविद्यालय, दूरध्वनी)

या मजकुरात ‘सर्व अंक आहेत का’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा. सूचीत ‘केसरी, 1881-1890’ अशी नोंद असली, तरी मधले महिने गहाळ असू शकतात. जिल्द असते पण नेमकी हवी ती चार पाने फाटलेली असतात, किंवा बांधताना आतल्या बाजूचा स्तंभ शिलाईत गेलेला असतो. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्ल धरतो, पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. अशी जिल्द ‘जीर्ण’ म्हणून वाचकाला देत नाहीत, झेरॉक्स तर नाहीच. लांबचा प्रवास करून जाण्याआधी हे कळलेले बरे. मूळ अंक, मायक्रोफिल्म आणि स्कॅन अशी तिन्ही रूपे वेगवेगळी विचारण्याचे कारणही हेच: जीर्ण जिल्द बंद ठेवलेली असली तरी तिची फिल्म पाहायला मिळू शकते.

ई-मेल कोणाला पाठवायचा, हाही प्रश्न आहेच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आणि संदर्भ विभाग असतो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुणे नगर वाचन मंदिर यांसारख्या जुन्या सार्वजनिक संस्थांत विचारणा ग्रंथपालांबरोबरच कार्यवाहांनाही पाठवावी, आणि दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास सरळ फोन करावा. मराठी संस्थांत फोनवर होणारे काम ई-मेलवर महिनाभर रेंगाळते, हा काही दोष मानू नये; तिथे माणसे थोडी असतात. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार हे ग्रंथालय नव्हे. मुंबईतले त्याचे दफ्तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असून तिथे अर्ज, ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचे पत्र यांची तयारी ठेवून जावे.

वरच्या ई-मेलला येणारे संभाव्य उत्तर असे: ‘केसरी’ची जिल्द आहे, ‘इंदुप्रकाश’चे काही अंक आहेत, ‘दीनबंधू’ नाही. बऱ्याच विद्यार्थ्यांचा शोध इथे थांबतो. ‘दीनबंधू’च्या जुन्या अंकांचे सलग संच मिळणे खरोखरच फार कठीण आहे. ज्या पत्राने कामगारांची बाजू मांडली तेच दुर्मीळ व्हावे आणि मोठ्या पत्रांच्या फायली टिकाव्यात, यात नवल नाही. फायली जपायला वाडा, पैसा आणि वारस लागतात.

पण पत्र नाहीसे झाले तरी त्यातला मजकूर पूर्ण नाहीसा झालेला नसतो. ब्रिटिश सरकार देशी भाषांतल्या पत्रांवर नजर ठेवून होते. मुंबई इलाख्यातल्या पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून दर आठवड्याला गोपनीय अहवाल छापला जाई. ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स रिपोर्ट’ या नावाने संशोधक ओळखतात ते हे अहवाल. त्यांत पत्रांची यादी, प्रकाशनाचे ठिकाण आणि खपाचा आकडाही दिलेला असतो. हे अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात IOR/L/R/5 या क्रमांकाखाली आहेत. म्हणून पुढचा ई-मेल ‘दीनबंधू’ न मागता 27 सप्टेंबर 1884 रोजी संपणाऱ्या आठवड्यापासून पुढच्या पाच-सहा आठवड्यांचे अहवाल मागतो. पत्राची तारीख आणि अहवालाची तारीख यांत काही दिवसांचे अंतर पडतेच, म्हणून एकाच आठवड्यावर थांबू नये.

या अहवालांच्या मर्यादा मोठ्या आहेत. उतारे निवडणारा सरकारी भाषांतरकार सरकारच्या नजरेने वाचत होता. राज्यकर्त्यांवरची टीका त्याला आधी दिसे. कामगारांच्या सभेत कोण काय बोलले, हे तो गाळू शके. दोन स्तंभांचा अग्रलेख चार इंग्रजी वाक्यांत उरतो आणि मूळ मराठीचा सूर हरवतो. एखाद्या आठवड्याच्या अहवालात ‘दीनबंधू’चा उल्लेख नसेल, तर त्या आठवड्यात पत्र गप्प होते असे म्हणता येत नाही, त्यातले काही सरकारला नोंदण्याजोगे वाटले नाही, एवढेच म्हणता येते. अहवालातला उतारा आणि त्याच आठवड्याचा ‘केसरी’ किंवा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ शेजारी ठेवून वाचला, तर काय गाळले गेले याचा थोडाफार अंदाज येतो. ‘टाइम्स’चे जुने अंक वर्गणीच्या डिजिटल संग्रहात शोधता येतात, आपल्या विद्यापीठाने ती वर्गणी भरली आहे का, हा प्रश्नही ग्रंथपालांनाच विचारायचा.

अंक हाती आला की पत्राचे नाव, तारीख, पृष्ठ आणि स्तंभ यांची नोंद तिथल्या तिथे करावी, आणि तो कोणत्या संग्रहात पाहिला हेही लिहावे, कारण दुसऱ्या संग्रहातल्या जिल्देत तेच पान नसू शकते. ‘दीनबंधू’तला उतारा सरकारी अहवालातून घेतला असेल, तर तळटीपेत अहवालाचेच नाव, आठवडा आणि परिच्छेद क्रमांक द्यावा. मूळ पत्र न पाहता त्याचे नाव तळटीपेत घालणे ही खोटी नोंद आहे, आणि परीक्षकाने ‘हा अंक कुठे पाहिलात?’ असे विचारले की ती तिथेच उघडी पडते.