महिन्याचा पहिला सोमवार, 'टी'चे बटण

छोट्या फॅब्रिकेशन शॉपमधली मासिक वीजतपासणी एका बटणापासून सुरू करावी. मेन बोर्डावर आरसीसीबी असतो, बरेच जण त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. त्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. आधी सगळी यंत्रे बंद करा, पुरवठा मात्र चालू ठेवा आणि बटण दाबा. खटका तत्काळ पडला पाहिजे. नाही पडला तर त्या लाइनवरचे काम थांबवून परवानाधारक वायरमनला बोलवा.

'एमसीबी आहे की!' असे उत्तर हमखास मिळते. पण एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याला कळतही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीवर पुरवठा तोडतो. अर्थिंग शाबूत आहे का, हे मात्र हे बटण सांगत नाही. ते वायरमनकडून मीटरवर मोजून घ्यावे लागते.

मग हँड ग्राइंडर. प्लग काढून केबल हाताने चाचपा. ती बहुधा मुठीत शिरते तिथेच तडकते, कारण रोजचा पीळ तिथे बसतो. आतली रंगीत तार दिसली तर चिकटपट्टी लावू नका, केबल बदला. प्लगची पिन काळवंडली असेल तर सॉकेट ढिले झाले आहे. काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटात बसवलेल्या उघड्या तारा दिसल्या, तर मेन बंद करून त्या त्याच दिवशी काढायला लावा.

तपासणाऱ्याने वहीत तारीख आणि सही टाकावी. नादुरुस्त ग्राइंडर कपाटात कुलपाखाली ठेवा, नाहीतर संध्याकाळी घाईत कुणीतरी तोच उचलतो.