नफा मोजायचा कशावर?

वर्कशीटच्या फोटोतलं गणित आधी वहीत उतरवून घ्यावं. कडेला कापला गेलेला आकडा तेव्हाच लक्षात येतो. समजा, १००० रुपये छापील किमतीच्या साडीवर शेकडा २० सूट देऊनही दुकानदाराला शेकडा २५ नफा झाला, तर खरेदी किंमत किती? सूट छापील किमतीवर, म्हणून विक्री किंमत ८०० रुपये. ती लगेच लिहून ठेवावी. इथे पुष्कळ मुलं ८०० मधून त्याचेच शेकडा २५ वजा करून ६०० लिहितात. पण नफा खरेदीवर मोजतात. खरेदी १०० तर विक्री १२५, या हिशेबाने ८०० च्या विक्रीला खरेदी ६४० रुपये. ताळा करून पाहा: ६४० वर शेकडा २५ नफा १६०, बेरीज ८००. खरेदी ६०० धरली तर बेरीज ७५० वरच अडते.