लॅव्हेंडरच्या तेलात कापूर किती?

घरगुती साबण, मेणबत्त्या किंवा मसाजचं तेल बनवणारे छोटे उद्योजकही हल्ली लॅव्हेंडर तेल मागवताना पुरवठादाराला सांगतात, ‘जीसी रिपोर्ट पाठवा.’ तो पाठवतोही. दोन-तीन पानांची पीडीएफ येते. वर टोकदार शिखरांचा आलेख, खाली पंचवीस-तीस रासायनिक नावं आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. घेणारा सगळ्यात मोठे दोन आकडे बघतो, लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. ते भरपूर दिसले की माल चांगला असं समजून पैसे पाठवतो. पण हे दोनच घटक असे आहेत की कारखान्यात टनावारी तयार होतात आणि अस्सल तेलाच्या मानाने फार स्वस्तात मिळतात. भेसळ करणारा मोठे आकडे हवे तसे जुळवू शकतो, त्यामुळे रिपोर्ट वाचायचा तो खालच्या, लहान आकड्यांपासून.

गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो. तेलाचा अगदी सूक्ष्म अंश तापवून त्याची वाफ करतात आणि हेलियम किंवा हायड्रोजन वायूच्या जोरावर ती केसासारख्या बारीक, तीस मीटर किंवा त्याहून लांब नळीतून पुढे ढकलतात. नळीच्या आतल्या थरात प्रत्येक घटक कमी-जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे सगळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. प्रत्येकाचं एक शिखर उमटतं. त्या शिखराचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या किती टक्के, तो रिपोर्टमधला आकडा.

लॅव्हेंडरमध्ये सर्वांत जुनी भेसळ लॅव्हेंडिनची. लॅव्हेंडिन हा खरा लॅव्हेंडर आणि स्पाइक लॅव्हेंडर यांचा संकर. त्याचं झाड जोमदार, तेल जास्त, म्हणून भाव कमी. त्याचा ‘ग्रोसो’ हा वाण सर्वांत जास्त लावला जातो आणि त्याच्या तेलात कापूर ६ ते ८ टक्के असतो, होय, आपला आरतीचाच कापूर. सिनिओल, म्हणजे निलगिरी तेलातला मुख्य घटक, साधारण ४ ते ७ टक्के. खऱ्या लॅव्हेंडरमध्ये कापूर बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. युरोपीय औषधकोशाने त्याची वरची मर्यादा १.२ टक्के ठरवली आहे आणि सिनिओलची २.५.

आता समजा, एका बॅचच्या रिपोर्टमध्ये कापूर २.८ आणि सिनिओल २.५ आहे. कापूर मर्यादेबाहेर गेलाच, पण भेसळ किती असेल याचा अंदाजही बांधता येतो. अस्सल तेलात कापूर ०.४ आणि लॅव्हेंडिनमध्ये ७ धरला, तर २.८ येण्यासाठी मिश्रणात सुमारे ३६ टक्के लॅव्हेंडिन हवं. हेच प्रमाण सिनिओलला लावून पाहायचं. लॅव्हेंडरमध्ये ०.८ आणि लॅव्हेंडिनमध्ये ५.५ धरलं, तर उत्तर येतं २.५, म्हणजे रिपोर्टमधलाच आकडा. दोन वेगळे घटक एकच प्रमाण सांगू लागले की संशयाला जागा फारशी उरत नाही. मिसळलेलं तेल स्पाइक लॅव्हेंडरचं असतं, तर सिनिओल कापरापेक्षा बराच जास्त दिसला असता.

कापूर बघणारे गिऱ्हाईक वाढले तसा भेसळ करणारा सुधारला. तो लॅव्हेंडिनच्या वाटेला न जाता थेट कृत्रिम लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ओततो. इथे कापूर वाढत नाही, उलट कमी होतो, आणि रिपोर्ट पहिल्या नजरेला फारच सुंदर दिसतो. बियांपासून वाढवलेल्या फ्रेंच लॅव्हेंडरचं तेल म्हणून आलेला असा एक नमुना घेऊ. लिनालूल ४१.५, लिनालिल अ‍ॅसिटेट ४३, कापूर ०.२, लॅव्हेंड्युलिल अ‍ॅसिटेट १.६ आणि सिस-ओसिमीन ३. औषधकोशाच्या कसोटीवर हे सगळं पास होतं, कारण ती कसोटी अनेक देशांची तेलं सामावून घेण्याइतकी सैल आहे. पण पुरवठादाराने नाव घेतलंय फ्रान्सचं. आयएसओ ३५१५ या मानकात देशाप्रमाणे, वाणाप्रमाणे वेगळे आकडे दिले आहेत, आणि या प्रकारच्या फ्रेंच तेलात लॅव्हेंड्युलिल अ‍ॅसिटेट किमान २ आणि सिस-ओसिमीन किमान ४ टक्के हवं. दोन्ही कमी पडले, कापूरही नेहमीपेक्षा कमी. मोठे दोन घटक फुगलेले आणि बाकीचे सगळे एकाच प्रमाणात आक्रसलेले, ही पाणी घातलेल्या दुधासारखी अवस्था. (हाच फ्रेंच गज काश्मीरच्या किंवा भद्रवाहच्या तेलाला लावू नये. तिथली जमीन आणि वाण वेगळे, आकडेही वेगळे.)

अशा वेळी यादीच्या तळाशी डायहायड्रोलिनालूल हे नाव शोधायचं. कृत्रिम लिनालूल बनवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत डिहायड्रोलिनालूलवर हायड्रोजनची क्रिया करतात. ती थोडी जास्त झाली की डायहायड्रोलिनालूल तयार होतं आणि मालात उरतं. लॅव्हेंडरचं झाड ते बनवत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे ०.३ टक्के हा आकडाही पुष्कळ बोलतो. मात्र काही रिपोर्ट अर्ध्या टक्क्याखालचं काही छापतच नाहीत, आणि मग पुरावा नेमका तिथेच गळतो. लहान शिखरं दिसतील असा मूळ आलेख मागून घ्यावा. टक्केवारीची बेरीज अगदी १०० येत असेल, तर न ओळखलेली शिखरं वगळून हिशेब केलाय का, हेही विचारावं.

शुद्ध केलेल्या कृत्रिम लिनालूलमध्ये ही खूणही मिळत नाही. तेव्हा कायरल चाचणी लागते. लिनालूलचे रेणू दोन प्रकारचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखे, आणि साधी नळी त्यांना वेगळं करू शकत नाही. लॅव्हेंडरमधलं लिनालूल जवळजवळ सगळं ‘आर’ प्रकारचं, तर कारखान्यातलं सहसा निम्मं-निम्मं. औषधकोश ‘एस’ प्रकार १२ टक्क्यांपर्यंत चालवून घेतो. वरच्या नमुन्यात अर्धं तेल कृत्रिम असेल, तर तिथे ३० टक्क्यांच्या आसपास आकडा येईल. या चाचणीलाही वाट काढलेली आहे. हो-वूड नावाच्या, कापराच्या झाडाच्या एका प्रकारातून मिळणाऱ्या तेलात ‘आर’ प्रकारचं नैसर्गिक लिनालूल भरपूर असतं. ते मिसळलं तर कायरल चाचणीला काही आक्षेप घेता येत नाही, पुन्हा लहान घटकांच्या प्रमाणाकडेच यावं लागतं.

काही भेसळी तर या यंत्राला दिसतच नाहीत. खाद्यतेल नेहमीच्या तापमानाला वाफ होत नाही, ते यंत्राच्या तोंडाशीच अडकतं. वीस टक्के खाद्यतेल घातलं तरी उरलेल्या ऐंशी टक्क्यांचेच १०० टक्के करून रिपोर्ट निर्मळ निघतो. त्यासाठी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघायचं. लॅव्हेंडर उडून जातं, खाद्यतेलाचा तेलकट डाग राहतो. सोबत घनता आणि अपवर्तनांक हे दोन आकडे मागावेत. अस्सल तेलाची घनता ०.८७८ ते ०.८९२ च्या दरम्यान असते, खाद्यतेलांची साधारण ०.९२. त्यामुळे पुरेसं मिसळलं असेल तर आकडा वर सरकतो.

आणि हे सगळं करण्याआधी रिपोर्टचा माथा वाचावा, कारण पुष्कळदा प्रकरण तिथेच संपतं. बॅच नंबर डब्यावरच्याशी जुळतो का, चाचणीची तारीख त्या हंगामातली आहे का, नमुना प्रयोगशाळेने स्वतः घेतला की पुरवठादाराने पाठवला? मागच्या वर्षीचा रिपोर्ट जवळ असेल तर दोन्ही शेजारी ठेवावेत. शेतातलं तेल दरवर्षी थोडं बदलतंच, त्यामुळे दोन बॅचमधले सगळे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत तेच असतील, तर नव्या बॅचची चाचणी झालेलीच नाही. मोठी खरेदी असेल तर डबा आल्यावर त्यातूनच आपण नमुना काढावा, लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून आपल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि तशीच एक बाटली मोहोर लावून फ्रिजमध्ये ठेवावी. पुढे वाद झाला तर ती उपयोगी पडते.